वीस वर्षं कधी पूर्ण होतात?

एकच कर्मचारी, एकच नोकरी, रुजू होण्याची तारीखही एकच. तरीही ‘पेन्शनसह स्वेच्छानिवृत्ती कधी घेता येईल?’ या प्रश्नाला कर्मचाऱ्याच्या डोक्यात एक तारीख असते आणि कार्यालयाच्या फाइलमध्ये दुसरी. कर्मचारी रुजू झाल्याच्या दिवसापासून वर्षं मोजतो. कार्यालय त्यातून काही काळ वजा करतं. हा वजा होणारा काळ म्हणजे बहुतेक वेळा बिनपगारी रजा. सरकारी भाषेत असाधारण रजा आणि बोलण्यात ‘ईओएल’ किंवा ‘एलडब्ल्यूपी’.

पगार मिळाला नाही म्हणजे तो काळ पेन्शनसाठी गेला, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. काही बिनपगारी रजा पेन्शनसाठी पूर्णपणे धरल्या जातात आणि काही एकेका दिवसासह वगळल्या जातात. रजा कोणत्या गटात पडणार, हे पगारपत्रकावरच्या शून्यावरून ठरत नाही. ते ठरतं रजा मंजूर करणाऱ्या आदेशातल्या शब्दांवरून आणि सेवापुस्तकातल्या नोंदीवरून. म्हणजे निवृत्तीची तारीख पुष्कळदा दहा-पंधरा वर्षं आधीच, एखाद्या जुन्या पानावर ठरून गेलेली असते.

नियमांत सेवेचे दोन हिशेब असतात. एक एकूण सेवा, म्हणजे रुजू झाल्यापासून आजपर्यंतचा सगळा काळ. दुसरी अर्हताकारी सेवा, म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी सेवा. केंद्र सरकारच्या जुन्या पेन्शन योजनेत नियत वयाला निवृत्त होताना पेन्शन मिळण्यासाठी दहा वर्षांची अर्हताकारी सेवा लागते. त्याआधी स्वतःहून बाहेर पडून पेन्शन घ्यायची असेल, तर वीस वर्षांची अर्हताकारी सेवा आणि किमान तीन महिन्यांची लेखी नोटीस लागते. हा वीस वर्षांचा नियम १९७२ च्या पेन्शन नियमांत होता आणि २०२१ मध्ये आलेल्या नव्या नियमांतही तो कायम आहे.

या वीस वर्षांना आज जास्त महत्त्व आहे. पूर्वी पूर्ण पेन्शनसाठी तेहतीस वर्षांची सेवा लागायची. सेवा कमी भरली तर पेन्शनही त्या प्रमाणात कमी व्हायची. सहाव्या वेतन आयोगानंतर तेहतीस वर्षांची ती अट गेली. त्याच वेळी स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्यांच्या सेवेत पाच वर्षांपर्यंतची जी वाढीव भर घातली जायची, तीही बंद झाली. आता वीस वर्षं पूर्ण करून बाहेर पडणाऱ्याला शेवटच्या मूळ वेतनाच्या किंवा शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरी वेतनाच्या निम्मी, यांतली जी रक्कम जास्त असेल ती पेन्शन म्हणून मिळते. त्यामुळे एकोणीस वर्षं अकरा महिने आणि वीस वर्षं यांच्यातला फरक थोड्या रकमेचा राहिलेला नाही. आज बाहेर पडून पेन्शन मिळणार की नाही, एवढा मोठा तो फरक आहे.

हिशेब प्रत्यक्ष कसा होतो, ते एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातली प्रत्येक रजा केंद्राच्या कार्यालयांत नेहमी घेतली जाणारी आहे.

समजा, सुनीताताई पुण्यातल्या एका टपाल कार्यालयात टपाल सहायक आहेत. त्या १६ जुलै २००३ रोजी सकाळी रुजू झाल्या. नवी पेन्शन योजना १ जानेवारी २००४ पासून आली, म्हणजे त्या जुन्या योजनेत आहेत. परिविक्षेचा काळ खंड न पडता पुढच्या नियमित सेवेला जोडला गेल्यामुळे तोही धरला जातो. कुठलीच रजा आड आली नसती, तर १५ जुलै २०२३ च्या संध्याकाळी त्यांची वीस वर्षं पूर्ण झाली असती.

पण बावीस वर्षांच्या नोकरीत घर असतं, आजारपण असतं, मुलं असतात. २००९ मध्ये सासूबाई अंथरुणाला खिळल्या, म्हणून त्यांनी १ फेब्रुवारी ते ३१ जुलै अशी सहा महिन्यांची बिनपगारी रजा घेतली. २०१२ मध्ये त्या स्वतः गंभीर आजारी पडल्या. अर्जित आणि अर्धवेतनी रजा संपलेली होती, म्हणून १० जून ते ९ नोव्हेंबर असे पाच महिने त्यांना पुन्हा बिनपगारी रजा मिळाली. पुढे पतीला दुबईत नोकरी लागली, तेव्हा १२ ऑगस्ट २०१५ ते ३ मार्च २०१७ या काळात त्या रजेवर तिकडे होत्या. ही रजाही बिनपगारी. २०१८ मध्ये मुलीच्या परीक्षेसाठी नव्वद दिवसांची बालसंगोपन रजा घेतली. आणि ८ व ९ जानेवारी २०१९ च्या देशव्यापी संपात त्या सहभागी झाल्या. ते दोन दिवस कार्यालयाने ‘डाइज नॉन’ म्हणजे अकार्य दिन म्हणून नोंदवले.

आता यातलं वजा काय होतं?

बालसंगोपन रजेचा प्रश्न लगेच सुटतो. त्या रजेत रजावेतन मिळतं, आणि ज्या रजेत रजावेतन मिळतं ती प्रत्येक रजा पेन्शनसाठी धरली जाते. अर्जित, अर्धवेतनी, परावर्तित, प्रसूती, सगळ्याच. अर्धवेतनी रजेत निम्माच पगार मिळाला, म्हणून सेवाही निम्मी धरली, असं होत नाही.

२०१२ ची रजा मात्र अनेकांना चकवते. त्या पाच महिन्यांत एक रुपयाही हाती आला नाही, तरी तो काळ पूर्णपणे धरला जातो. कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या आजारपणासाठी वैद्यकीय प्रमाणपत्रावर मंजूर झालेली असाधारण रजा अर्हताकारी आहे, असं नियमच सांगतो. त्यामागचा विचारही माणुसकीचा आहे. दीर्घ आजारात रजेचा साठा आधीच संपलेला असतो, पगार बंद झालेला असतो. त्यावर पेन्शनही लांबली, तर आजारी माणसाला तिसऱ्यांदा फटका बसेल.

२००९ चे सहा महिने मात्र वजा होतात. तेव्हाही घरात आजारपण होतं आणि सुनीताताईंनी अर्जासोबत सासूबाईंच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्रही जोडलं होतं. पण नियमाला अभिप्रेत असलेलं प्रमाणपत्र कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या प्रकृतीचं असतं. घरच्या माणसाच्या आजारासाठी घेतलेली असाधारण रजा वैयक्तिक कारणाचीच ठरते. अर्जाला एक वैद्यकीय कागद जोडलेला आहे, एवढ्यावर अनेक जण वर्षानुवर्षं निश्चिंत राहतात आणि स्वेच्छानिवृत्तीच्या वेळी त्यांना धक्का बसतो.

दुबईतला काळ वैयक्तिक कारणाचाच, तोही वजा. प्रमाणपत्राविना घेतलेली असाधारण रजा धरली जाण्याच्या दोन वाटा केंद्राच्या नियमात आहेत. दंगल किंवा नागरी अशांततेमुळे कामावर येताच आलं नाही, ही एक. उच्च तांत्रिक किंवा वैज्ञानिक शिक्षणासाठी रजा घेतली, ही दुसरी. पण दोन्ही आपोआप लागू होत नाहीत. ही रजा पेन्शनसाठी धरायची, असा निर्णय नियुक्ती प्राधिकाऱ्याने रजा मंजूर करतानाच घ्यावा लागतो. दोन वर्षांची असाधारण रजा घेऊन कुणी एम.टेक. केलं आणि आदेशात फक्त ‘असाधारण रजा मंजूर’ एवढंच लिहिलं गेलं, तर पंधरा वर्षांनी पदवीचं प्रमाणपत्र दाखवून ती दोन वर्षं परत मिळवणं फार अवघड जातं.

संपाचे दोन दिवसही वजा होतात. अकार्य दिन म्हणजे त्या दिवसाचा पगार नाही आणि तो दिवस सेवेतही धरला जात नाही. मात्र त्यामुळे सेवा तुटत नाही. वजा होणं आणि तुटणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. मंजूर असाधारण रजेने फक्त तेवढे दिवस कमी होतात, आधीची सेवा जशीच्या तशी राहते. विनापरवानगी गैरहजेरीला ‘सेवेत खंड’ ठरवलं गेलं, तर खंडाआधीची सगळी सेवाच धोक्यात येते आणि तो खंड क्षमापित करून घ्यावा लागतो. म्हणून पूर्वी कधी नोटीस, मेमो किंवा गैरहजेरीचं प्रकरण झालं असेल, तर त्याचा शेवट कोणत्या शब्दांत झाला हे पाहणं तारखेच्या गणितापेक्षाही जास्त निकडीचं असतं.

म्हणजे वजाबाकीला राहिले तीन काळ. २००९ चे सहा महिने. दुबईची रजा, जी तारखांनी मोजली तर एक वर्ष, सहा महिने, वीस दिवस भरते. आणि संपाचे दोन दिवस. एकूण दोन वर्षं बावीस दिवस. हा काळ १५ जुलै २०२३ च्या पुढे मोजला की ६ ऑगस्ट २०२५ ही तारीख येते. त्या दिवसाची सेवा संपते तेव्हा सुनीताताईंची अर्हताकारी वीस वर्षं पूर्ण होतात. उलट बाजूनेही पडताळा घेता येतो. १६ जुलै २००३ ते ६ ऑगस्ट २०२५ ही एकूण सेवा बावीस वर्षं बावीस दिवस आहे. त्यातून दोन वर्षं बावीस दिवस गेले की बरोबर वीस वर्षं उरतात.

इथे एक बारकावा आहे आणि त्यावरून कार्यालयात वाद होतात. सेवापुस्तकात रजा बहुधा दिवसांत लिहिलेली असते. सुनीताताईंच्या सेवापुस्तकात २००९ ची रजा १८१ दिवस आणि दुबईची ५७० दिवस अशी नोंदलेली असेल. संपाचे दोन दिवस मिळवले की ७५३ दिवस होतात. हे ७५३ दिवस कॅलेंडरवर एकेक करत पुढे मोजले, तरी ६ ऑगस्टच येतो. पण कुणी तीस दिवसांचा महिना धरून त्यांचे महिने केले, तर पंचवीस महिने तीन दिवस, म्हणजे दोन वर्षं एक महिना तीन दिवस होतात आणि तारीख १८ ऑगस्टवर जाते. रजा तीच, फरक बारा दिवसांचा. लेखा शाखा कोणती पद्धत वापरते हे कर्मचाऱ्याच्या हातात नसतं. म्हणून निवृत्तीची तारीख दोन्ही हिशेबांच्या पलीकडची निवडणं शहाणपणाचं ठरतं. सुनीताताईंसाठी ती ३१ ऑगस्ट २०२५. ही तारीख धरली, तर हिशेब कुणी कोणत्याही पद्धतीने केला तरी वीस वर्षं कमी पडत नाहीत.

हीच काळजी न घेता त्यांनी ३१ जुलैची तारीख धरून एप्रिलअखेर नोटीस दिली असती तर? बिनपगारी रजा साधारण दोन वर्षांची होती, असा ढोबळ अंदाज मनात धरला, तर जुलैअखेर वीस वर्षं होतात असंच वाटतं. प्रत्यक्षात त्या दिवशी सेवा जवळपास आठवड्याने कमी भरली असती.

अशा वेळी पुष्कळजण एका सवलतीकडे बोट दाखवतात. पेन्शनची रक्कम काढताना सेवा सहामाहीत मोजतात, आणि तीन महिने किंवा त्याहून जास्त असा उरलेला काळ पूर्ण सहामाही धरला जातो. त्यामुळे नियत वयाला निवृत्त होताना नऊ वर्षं नऊ महिने सेवा असेल, तरी ती दहा वर्षं मानून पेन्शन मिळते. हे खरं आहे. पण स्वेच्छानिवृत्तीच्या वीस वर्षांना हीच सवलत लागू आहे, असं गृहीत धरून नोटीस देणं धोक्याचं आहे. केंद्राच्या मार्गदर्शक सूचना उलट सांगतात. नोटीस देण्याआधी आपली पेन्शनयोग्य वीस वर्षं खरोखर पूर्ण झाली आहेत की नाहीत, हे कर्मचाऱ्याने संबंधित प्रशासकीय अधिकाऱ्याकडे लेखी विचारून खात्री करून घ्यावं, असं त्या म्हणतात. एका अर्जाने काम भागतं, तरी ही पायरी सर्रास वगळली जाते.

नोटीस स्वीकारण्याच्या पद्धतीमुळेही लोक गाफील राहतात. मुदत संपण्याआधी प्राधिकाऱ्याने नकार कळवला नाही, तर मुदत संपताच स्वेच्छानिवृत्ती आपोआप अमलात येते, असा नियम आहे. मग ‘तीन महिन्यांत उत्तर आलं नाही, म्हणजे सुटलो’ असं अनेकांना वाटतं. पण हा नियम वीस वर्षं भरलेल्यांसाठी आहे. पात्रताच नसेल, तर उत्तर न येणं म्हणजे होकार, असा अर्थ काढता येत नाही.

याहून मोठी चूक घाईत होते. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज परत आला की संतापाने किंवा घरच्या अडचणीपोटी कुणी साधा राजीनामा देऊन टाकतो. राजीनाम्याने आधीची सगळी सेवा जप्त होते. परवानगी घेऊन दुसऱ्या सरकारी नोकरीत जाण्यासाठी दिलेला राजीनामा वेगळा. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बीएसईएस यमुना पॉवर या दिल्लीच्या वीज कंपनीच्या प्रकरणात हा मुद्दा पक्का केला. संबंधित कर्मचारी जुलै १९६८ मध्ये रोजंदारीवर लागला, डिसेंबर १९७१ मध्ये शिपाई म्हणून नियमित झाला आणि त्याने जुलै १९९० मध्ये राजीनामा दिला. रोजंदारीपासून मोजलं तर जवळजवळ बावीस वर्षं होतात, नियमित झाल्यापासून मोजलं तर साडेअठरा. त्याची वीस वर्षं भरत नाहीत, हा कंपनीचा एक आक्षेप होता. न्यायालयाचा निर्णय मात्र दुसऱ्या मुद्द्यावर झाला. राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती या वेगळ्या गोष्टी आहेत आणि राजीनाम्यानंतर आधीची सेवा पेन्शनसाठी उरत नाही. वर्षं किती झाली, हा वाद मग निरर्थक ठरला. वीस वर्षांना सहा दिवस कमी असतील, तर योग्य मार्ग म्हणजे आणखी आठवडाभर काम करणं आणि नवी नोटीस देणं. राजीनामा नव्हे.

आता २०१२ च्या त्या पाच महिन्यांकडे पुन्हा पाहायला हवं, कारण सगळ्यात जास्त भांडणं तिथेच होतात. नियमाने तो काळ धरला जायला हवा. पण मंजुरी आदेशात ‘वैद्यकीय प्रमाणपत्रावर’ हे शब्द नसतील आणि सेवापुस्तकात फक्त ‘असाधारण रजा, १० जून ते ९ नोव्हेंबर’ एवढंच लिहिलेलं असेल, तर तेरा वर्षांनी ते पान पाहणाऱ्या आस्थापना लिपिकाला कारण कसं कळणार? त्या वेळचा अधिकारी बदलून गेलेला असतो, प्रमाणपत्राची मूळ प्रत जुन्या रजा फाइलबरोबर केव्हाच नष्ट झालेली असते. लिपिकाने तो काळ वजा केला, तर सुनीताताईंची तारीख ६ ऑगस्ट २०२५ वरून ६ जानेवारी २०२६ वर जाते.

ही अडचण केंद्र सरकारला माहीत होती. म्हणून १९७२ च्या नियमांखाली दिलेल्या एका निर्णयात फार महत्त्वाची गोष्ट सांगितली गेली, आणि ती फार थोड्या कर्मचाऱ्यांना ठाऊक असते. असाधारण रजेचा काळ पेन्शनसाठी धरायचा की नाही, हे रजा देतानाच ठरवून सेवापुस्तकात स्पष्ट लिहायचं. ते राहून गेलं असेल, तर निवृत्तीची कागदपत्रं तयार करण्याच्या ठरावीक काळात ती चूक दुरुस्त करता येते. तो काळ उलटल्यावर मात्र जुनं उकरून काढायचं नाही. ज्या असाधारण रजेवर ‘अर्हताकारी नाही’ अशी स्पष्ट नोंद असेल, तेवढीच वगळायची. ज्या रजेबद्दल अशी नोंदच नसेल, ती अर्हताकारी धरायची.

हे तत्त्व न्याय्य आहे. नोंद करणं कार्यालयाचं काम आहे. ते केलं नाही, तर त्याची झळ कर्मचाऱ्याला बसू नये. मात्र स्वेच्छानिवृत्तीच्या वेळी या तत्त्वावर सगळी भिस्त ठेवू नये. तिथे नोटीस देण्याआधी कार्यालयाला नोंद दुरुस्त करायला वेळ मिळतो, आणि ती कोणत्या बाजूने दुरुस्त होईल याची खात्री नसते. जुन्या आदेशाची आणि प्रमाणपत्राची प्रत स्वतःकडे असेल, तर बोलणं तिथेच संपतं.

काही लोक बिनपगारी रजा नाइलाजाने घेत नाहीत, निवडून घेतात, हेही सांगायला हवं. असाधारण रजा दोन परिस्थितींत मिळते. दुसरी कुठलीच रजा शिल्लक नसते तेव्हा, किंवा दुसरी शिल्लक असूनही कर्मचारी लेखी अर्ज करून असाधारण रजाच मागतो तेव्हा. निवृत्तीच्या वेळी तीनशे दिवसांपर्यंतच्या अर्जित रजेचे पैसे मिळतात, म्हणून ती साठवायची आणि मधल्या गरजेला बिनपगारी रजा वापरायची, असा हिशेब अनेक जण करतात. पगार जातो हे त्यांना दिसत असतं. पेन्शनची तारीख तेवढीच पुढे जाते, हे दिसत नाही. पुढे स्वेच्छानिवृत्ती घ्यायची इच्छा असेल, तर हा सौदा तपासून पाहायला हवा. मन बदललं, तर एक वाट आहे. एका प्रकारची रजा दुसऱ्या प्रकारात बदलून घेता येते. पण त्यासाठी त्या रजेनंतर कामावर हजर झाल्यावर तीस दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो. दहा वर्षांनी वीस वर्षं मोजायला बसल्यावर ही वाट उघडी नसते.

वीस वर्षं पूर्ण झाल्यावर वजा झालेल्या रजेचा पैशांवर किती परिणाम होतो, हाही प्रश्न येतोच. मासिक पेन्शनवर थेट परिणाम होत नाही, कारण ती आता वेतनाच्या निम्मीच असते, सेवा वीस वर्षं असो वा बावीस. परिणाम दिसतो तो निवृत्ती उपदानावर, म्हणजे ग्रॅच्युइटीवर. प्रत्येक पूर्ण सहामाहीसाठी मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून होणाऱ्या रकमेचा चौथा हिस्सा, असा तो हिशेब आहे. ३१ ऑगस्ट २०२५ ला सुनीताताईंच्या अर्हताकारी सेवेच्या चाळीस सहामाह्या होतात, म्हणजे दहा महिन्यांच्या वेतनाइतकं उपदान. रजा वजा झाली नसती, तर चव्वेचाळीस सहामाह्या झाल्या असत्या, म्हणजे अकरा महिन्यांचं. दोन वर्षांच्या बिनपगारी रजेची किंमत, त्या काळात गेलेला पगार सोडून, उपदानात एका महिन्याचं वेतन एवढी पडते.

तारखेच्या वादाला लागण्याआधी सेवेची पडताळणी होण्याचीही एक जागा नियमांत आहे. अठरा वर्षांची सेवा पूर्ण झाल्यावर, आणि पुन्हा निवृत्तीला पाच वर्षं उरलेली असताना, कार्यालयाने लेखा शाखेच्या मदतीने अर्हताकारी सेवा तपासायची आणि ती किती भरली याचं प्रमाणपत्र कर्मचाऱ्याला द्यायचं. एकदा झालेली पडताळणी नियम बदलल्याशिवाय पुन्हा उघडायची नाही, अशी तरतूद आहे. अठराव्या वर्षाची ही वेळ अगदी योग्य आहे. वीस वर्षांचा टप्पा अजून दोन वर्षं दूर असतो, चुका दुरुस्त करायला अवधी असतो. प्रत्यक्षात हे प्रमाणपत्र बऱ्याच कार्यालयांत वेळेवर दिलं जात नाही. कर्मचाऱ्याने अर्ज करून ते मागितलं पाहिजे, आणि हाती आल्यावर त्यातल्या वगळलेल्या काळाची प्रत्येक ओळ आपल्याजवळच्या आदेशांशी ताडून पाहिली पाहिजे.

खासगी क्षेत्रातल्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. भविष्य निर्वाह निधीला जोडलेल्या १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत दहा वर्षांची पात्र सेवा लागते. तिथे सहा महिने किंवा त्याहून जास्त उरलेला काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे साडेनऊ वर्षांची दहा होतात. बिनपगारी दिवस मालक दरमहा निधी कार्यालयाला पाठवतो त्या विवरणात ‘अंशदान नसलेले दिवस’ म्हणून वेगळे लिहिलेले असतात आणि ते सेवेतून वजा होतात. केंद्राच्या नियमासारखी वैद्यकीय प्रमाणपत्राची सवलत तिथे नाही. तिथे पाहिलं जातं ते अंशदान भरलं गेलं की नाही एवढंच.

महाराष्ट्र राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना १९८२ चे निवृत्तिवेतन नियम लागू आहेत. वीस वर्षांची अर्हताकारी सेवा आणि तीन महिन्यांची नोटीस हा सांगाडा तिथेही तोच आहे. जुनी योजना १ नोव्हेंबर २००५ पूर्वी रुजू झालेल्यांना लागू होती. त्यांतल्या शेवटच्या मंडळींची वीस वर्षं ऑक्टोबर २०२५ अखेर पूर्ण झाली, पण ज्यांनी मध्ये वैयक्तिक कारणाने बिनपगारी रजा घेतली त्यांची तारीख तेवढीच पुढे सरकली आहे. शिवाय २०२४ च्या सुरुवातीला राज्याने आणखी एका गटाला जुन्या योजनेचा पर्याय दिला. ज्यांच्या पदाची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली होती, पण नियुक्ती नंतर झाली, असे हे कर्मचारी. त्यांतल्या अनेकांची वीस वर्षं आता या दोन-तीन वर्षांत पूर्ण होणार आहेत. त्यांची वर्षं जाहिरातीच्या तारखेपासून नव्हे, तर प्रत्यक्ष रुजू झाल्यापासून मोजली जातात, आणि मधल्या प्रत्येक असाधारण रजेपुढे सेवापुस्तकात काय लिहिलं आहे, हे त्यांनी नोटीस देण्याआधी पाहून घ्यायला हवं.